अपॉइंटमेंटची आठवण करून द्यायची, पण दटावल्यासारखी वाटू द्यायची नाही

प्रश्न: माझं इचलकरंजीत दातांचं छोटं क्लिनिक आहे. एक खुर्ची, मी आणि एक रिसेप्शनिस्ट. रोजचे आठदहा पेशंट वेळ घेऊन ठेवतात, त्यातले दोनतीन न कळवता येतच नाहीत. रूट कॅनलच्या दुसऱ्या सिटिंगला तर हमखास. आदल्या दिवशी आम्ही मेसेज पाठवतो: 'प्रिय रुग्ण, आपली अपॉइंटमेंट उद्या सायं. ५.३० वाजता आहे. कृपया वेळेवर उपस्थित राहावे. अनुपस्थित राहिल्यास अपॉइंटमेंट रद्द समजण्यात येईल.' याचा उपयोग होत नाही, आणि एका काकूंनी तर 'तुमचा मेसेज कोर्टाच्या नोटिशीसारखा येतो' असं तोंडावर सांगितलं. मेसेज कसा लिहावा, म्हणजे कडक वाटणार नाही आणि लोकही येतील?

उत्तर:

काकू बरोबर बोलल्या. 'उपस्थित राहावे', 'अनुपस्थित राहिल्यास', 'समजण्यात येईल' ही भाषा आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा वीजबिलाच्या मागच्या बाजूला वाचायला मिळते. ती वाचताना माणूस आपोआप सावध होतो, आणि सावध झालेला माणूस उत्तर देत नाही. पण भाषा मऊ केली की काम झालं, असं समजू नका. तुमच्या मेसेजची खरी अडचण अशी की त्याला उत्तर देण्याची सोयच नाही. तुम्ही वेळ सांगितली, तंबी दिली आणि विषय संपवला. ज्याला उद्या जमणार नाही, त्यानं काय करायचं? फोन करून डॉक्टरांना 'येत नाही' म्हणायचं? आपल्या लोकांना ते जड जातं. त्यापेक्षा गप्प राहणं सोपं.

मी साताऱ्यात वीसेक वर्षं प्रॅक्टिस करतोय, तीही बरीच वर्षं एकाच खुर्चीवर. सुरुवातीला मलाही वाटायचं की आठवणीचा मेसेज पेशंटला आणण्यासाठी असतो. आता माझं मत वेगळं आहे. ज्याला यायचं आहे आणि विसर पडलाय, तो कुठल्याही मेसेजनं येतो, अगदी तुमच्या मेसेजनंसुद्धा. ज्याला जमणारच नाही, त्याच्याकडून आदल्या दिवशीच 'नाही' काढून घेणं हे मेसेजचं अवघड काम आहे. आदल्या दिवशी दुपारी कळलेलं 'नाही' म्हणजे दुसऱ्या पेशंटला देता येणारी वेळ. साडेपाच वाजून दहा मिनिटांनी कळलेलं 'नाही' म्हणजे रिकामी खुर्ची.

आता तुमचा तोच मेसेज मी कसा लिहीन ते बघा.

'सुनंदाकाकू, बुधवारी १२ तारखेला संध्याकाळी साडेपाचची वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे. साधारण चाळीस मिनिटं लागतील. जमणार असेल तर 'हो' एवढंच पाठवा. जमणार नसेल तर 'नाही' पाठवा, काही हरकत नाही, दुसरी वेळ देते. – मीनल, दातांचा दवाखाना'

यातली प्रत्येक गोष्ट एकेका फजितीनंतर आली आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

नाव आणि वेळ सुरुवातीलाच हवी. बरेच लोक व्हॉट्सअ‍ॅप उघडतच नाहीत, फोनच्या पडद्यावर वर जी दीड ओळ दिसते तेवढी वाचून बाजूला सारतात. ती दीड ओळ 'प्रिय रुग्ण, आपली अपॉइंटमेंट' यात गेली तर हाताला काहीच लागत नाही. शिवाय 'प्रिय रुग्ण' असं मराठीत कुणी कुणाला हाक मारत नाही. केसपेपरवर नाव असतंच. त्याच्याच बाजूला आपण समोर काय हाक मारतो तेही लिहून ठेवा: काकू, दादा, सर, मॅडम, नुसतं नाव. माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक येतात, त्यांना 'काका' म्हटलेलं आवडत नाही, 'सर'च लागतं. मेसेजमध्येही 'सर'च जातं.

'उद्या' हा शब्द काढून टाका. मेसेज तुम्ही मंगळवारी पाठवता, पण शिफ्टवरून आलेला माणूस तो बुधवारी सकाळी उघडतो आणि 'उद्या' म्हणजे गुरुवार समजतो. मग गुरुवारी साडेपाचला तो अगदी वेळेवर दारात उभा, आणि चूक आपली. वार आणि तारीख दोन्ही लिहा. वेळ अक्षरात लिहिलेली बरी, 'संध्याकाळी साडेपाच'. 'पावणे' आणि 'सव्वा'च्या वेळा शक्यतो देऊच नका. पावणेसहाला सव्वासहा ऐकणारे पेशंट दर आठवड्याला एकतरी भेटतात.

किती वेळ लागेल ते सांगण्यानं फार फरक पडतो. पेशंटला वेळेपेक्षा अंदाज नसण्याची भीती असते. किराणा दुकान असलेल्या माणसाला चाळीस मिनिटं दुकान मुलाकडे देता येतं, 'किती वेळ लागेल माहीत नाही' असं असेल तर तो निघतच नाही. फक्त जो आकडा लिहाल तो पाळा. याबद्दल पुढे बोलतो.

'काही हरकत नाही' हे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. तेवढ्यानं 'नाही' म्हणणं सभ्यपणाचं होतं. आणि खाली रिसेप्शनिस्टचं नाव ठेवा, डॉक्टरचं नको. डॉक्टरला नकार द्यायला माणूस कचरतो, मीनलला सहज देतो. तुमच्या रिसेप्शनिस्टची यासाठी परवानगी घ्या आणि मेसेज क्लिनिकच्या नंबरवरूनच जाऊ द्या, तिच्या स्वतःच्या नाही. नाहीतर रात्री अकराला तिला दाढदुखीचे फोन सुरू होतात.

मेसेजमध्ये काय नको, तेही ऐका. कोणता उपचार आहे ते लिहू नका. बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो बहुतेक वेळा नातवाच्या हातात असतो. दाताच्या बाबतीत फारसं बिघडत नाही असं वाटेल, पण लग्न ठरत असलेल्या मुलीच्या पुढच्या दाताची कॅप किंवा काकांची कवळी हे विषय घरातल्या सगळ्यांना माहीत असतातच असं नाही. बाकी पैशांचा उल्लेखही आठवणीच्या मेसेजमध्ये कधीच करू नका. 'मागील बाकी ८०० रु.' ही ओळ वाचून येणारा पेशंटसुद्धा येत नाही.

आता रूट कॅनलबद्दल. इथली गळती मेसेजनं थांबत नाही, कारण तिचं कारण विसरणं नाहीच. तुम्हाला हे माहीत आहे, पण पेशंटच्या बाजूनं एकदा बघा. तो पहिल्यांदा येतो तेव्हा दोन रात्री झोपलेला नसतो. तुम्ही दात उघडून आतली सुजलेली नस काढता, औषध ठेवता, वर तात्पुरतं सिमेंट भरता. दुसऱ्या दिवशी दुखणं बंद. त्याच्या हिशेबानं काम झालं! आता पुन्हा त्या खुर्चीत बसायचं, सुई टोचून घ्यायची आणि वर पैसे द्यायचे, ते कशासाठी? त्याला आठवण पाठवलीत तर तो ती वाचतो, वेळ नीट लक्षात ठेवतो आणि येत नाही.

त्याचं उत्तर पहिल्या सिटिंगच्या शेवटी, तो खुर्चीतून उठायच्या आत द्यावं लागतं. मी हातातला आरसा बाजूला ठेवून हे बोलतो, 'उद्यापर्यंत दुखायचं थांबेल. थांबलं म्हणजे दात बरा झाला असं नाही. दुखणारी नस काढली म्हणून थांबलं. वर जे भरलंय ते कच्चं आहे, काही आठवडे टिकेल. मग कडेनं लाळ आत जाते, पुन्हा जंतू होतात आणि पुढच्या वेळी गालावर सूज घेऊनच याल. आणि आतून पोकळ झालेला दात सुपारी चावताना उभा फुटला, तर काढण्याशिवाय इलाज राहत नाही.' मुद्दा घाबरवण्याचा नाही. दुखणं थांबेल हे आधीच सांगितलेलं असलं, की ते थांबल्यावर पेशंटला 'डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं' असं वाटतं. हे न सांगता पाठवलं, तर थांबलेलं दुखणं हा त्याला न येण्याचा परवाना वाटतो.

याच वेळी पैशाचंही बोलून घ्या. दुसऱ्या सिटिंगला न येणाऱ्यांतले बरेच जण भीतीनं नाही, खिशाकडे बघून थांबतात, आणि ते कधीही सांगत नाहीत. 'पाहुणे आले होते' म्हणतात. मी सरळ सांगतो, 'पुढच्या वेळी एवढे लागतील, कॅपचे वेगळे. एकदम जमत नसेल तर सिटिंग थांबवू नका, पैसे दोन हप्त्यांत द्या.' हे तोंडी, एकट्याला, दार लावून. मेसेजमध्ये लिहिलं की त्याचीच वसुली होते.

मग पुढची तारीख. 'गुरुवारी या' असं आपण ठरवून देतो, आणि चूक तिथेच होते. दोन वेळा पुढे ठेवा, 'बुधवारी साडेपाच की शनिवारी सकाळी अकरा?' आणि त्यानं निवडलेली वेळ त्यालाच कार्डावर लिहायला लावा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पोरखेळ वाटला होता. इंग्लंडमधल्या बेडफर्डशरच्या दवाखान्यांत हे करून पाहिलं होतं आणि २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. रिसेप्शनिस्टनं लिहून देण्याऐवजी पेशंटनं स्वतः पुढची तारीख लिहिली, एवढ्यानं न येणाऱ्यांचं प्रमाण १८ टक्क्यांनी घटलं. माझ्याकडचं कारण मला आणखी साधं वाटतं. लिहिता लिहिता माणूस विचार करतो. पेन हातात घेतल्यावर 'अहो, बुधवारी तर आमचा बाजार' असं त्याच क्षणी आठवतं. ज्यांना लिहिता येत नाही किंवा चष्मा आणलेला नसतो, त्यांना तारीख मोठ्यानं परत म्हणायला सांगतो. आणि वेळ देताना भिंतीवरचं कॅलेंडर बघायची सवय रिसेप्शनिस्टला लावा. अमावास्येला दात काढून घ्यायला बरेच जण येत नाहीत, तोंडावर 'हो' म्हणतात आणि घरी सासूबाई अडवतात. संकष्टीला संध्याकाळी उशिराची वेळ घेणाऱ्या काकू चंद्रोदयाच्या धांदलीत असतात. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दुसरी तारीख द्यावी.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर तिथलाच आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो ऐकून आपल्याकडे कुणीतरी नक्कल करतं. लंडनच्या बार्ट्स या सरकारी रुग्णालय-समूहात वेगवेगळ्या शब्दांचे एसएमएस पाठवून तुलना केली, २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नुसती तारीख सांगणाऱ्या मेसेजवर ११.१ टक्के लोक आले नव्हते. 'तुम्ही न आल्यास आरोग्यसेवेला सुमारे १६० पौंड खर्च पडतो' असं लिहिल्यावर ते ८.४ टक्क्यांवर आलं. तिथे हे चाललं, कारण ती सेवा लोकांच्या करातून चालते, ते पैसे सगळ्यांचे. तुम्ही इचलकरंजीत 'आपण न आल्यास क्लिनिकचे ६०० रुपयांचे नुकसान होते' असं लिहिलंत, तर वाचणारा म्हणेल, डॉक्टरला माझ्या दातापेक्षा गल्ल्याची काळजी.

दंडाचंही तसंच. एकदा वैतागून मीही मेसेजच्या शेवटी 'न कळवता न आल्यास १०० रु. आकारले जातील' अशी ओळ घातली होती. माझ्या एक जुन्या पेशंट, शाळेतल्या बाई, खरंच आल्या नव्हत्या, त्यांच्या घरी आजारपण होतं. चार दिवसांनी आल्या, काउंटरवर शंभराची नोट ठेवली, 'हे तुमचे' म्हणाल्या आणि गेल्या. परत कधी आल्या नाहीत. त्यांच्या घरची पाच माणसं माझ्याकडे यायची. ती ओळ मी त्याच संध्याकाळी काढली. जिथे लॅबचं काम आहे, म्हणजे कॅप किंवा कवळी, तिथे माप घेतानाच निम्मे पैसे घ्या, ते कुणालाही वावगं वाटत नाही आणि तो माणूस पुढच्या वेळी न चुकता येतो.

मेसेज कधी पाठवायचा? आदल्या दिवशी सकाळी, दहा ते अकराच्या दरम्यान. रात्री नऊला पाठवलात तर 'नाही' आलं तरी ती जागा भरायला तुमच्याकडे वेळ उरत नाही. सोमवारच्या पेशंटना शनिवारी पाठवा. रविवारी मेसेज वाचतात, पण 'नाही' कळवल्यावर लगेच दुसरी वेळ द्यायला तुमच्याकडे कुणी नसतं आणि तो धागा तुटतो. तास-दीड तासाचं काम असेल तर तीन दिवस आधी आणखी एक मेसेज जाऊ द्या. एरवी एकच पुरे. दोनदोन, तीनतीन आठवणी आल्या की लोक त्या न वाचता पुसतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टच्या मागे लागू नका. ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यालाच तो मेसेज जातो, बाकीच्यांना जात नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये तयार मजकूर ठेवण्याची सोय आहे, तिथे वरचा मेसेज ठेवा आणि प्रत्येकाला नाव, तारीख बदलून वेगळा पाठवा. आठदहा पेशंटचं हे काम दहा मिनिटांचं आहे. साधा फोन असलेल्यांना एसएमएस. देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांत बसवावा लागतो, इंग्रजीत १६० असतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. त्यामुळे तो असा आटोपशीर होतो:

'शिंदेकाका, बुध १२ ला संध्याकाळी ५.३० ची वेळ. जमत नसेल तर फोन करा. मीनल'

बरोबर सत्तर भरतात, मोजून बघा. नाव मोठं असेल तर 'संध्याकाळी'चं 'संध्या.' करायची वेळ येते.

संध्याकाळी सातपर्यंत ज्यांचं 'हो' किंवा 'नाही' आलं नाही, फक्त त्यांना फोन. सगळ्यांना फोन करायची गरज नाही, उत्तर दिलेल्यांना तर मुळीच नको, त्यांना तो संशय वाटतो. आणि या फोनवर विचारायची पद्धत फार महत्त्वाची आहे. 'उद्या येताय ना?' असं विचारलं की पलीकडून 'हो हो, येतो की' येतं. 'ना' लावलेल्या प्रश्नाला मराठी माणूस सहसा 'नाही' म्हणत नाही. मीनल असं विचारते, 'काका, उद्या साडेपाचचं जमेल, की पुढच्या आठवड्यात बघू?' दोन्ही उत्तरं सारखीच मानाची झाली की खरं उत्तर मिळतं.

उत्तरात 'येतो' आलं तर येणार. 'बघतो', 'बघू', 'प्रयत्न करतो', 'मुलाला विचारून सांगते' यातलं काहीही आलं तर येणार नाही असं धरून चाला. रजिस्टरमध्ये तेवढं नाव पेन्सिलनं लिहा. सरळ 'मग ही वेळ मी दुसऱ्या कुणाला दिली तर चालेल का? तुम्हाला शनिवारी अकराची ठेवते' असं विचारायचं. निम्मे लोक सुटल्यासारखे 'हां, तसंच करा' म्हणतात. उरलेले 'नको नको, येतो मी' म्हणतात, आणि त्या 'येतो'ला वजन असतं.

मोकळी झालेली वेळ भरायची तर हाताशी माणसं हवीत. ज्यांना लवकरची वेळ हवी होती पण मिळाली नाही, अशांची एक वेगळी यादी ठेवा, आणि त्यात जे चालत दहा मिनिटांवर राहतात त्यांच्यापुढे खूण करा. ही यादी नसेल, तर आदल्या दिवशी कळलेलं 'नाही'ही वाया जातं.

इतकं करूनही काही जण येणार नाहीत. वेळ उलटून दहा मिनिटं झाली की एक फोन, आणि त्यात पहिलं वाक्य, 'काकू, वाटेत आहात का? ट्रॅफिकमध्ये अडकलात की काय म्हणून विचारलं.' खरंच अडकलेल्या असतील तर बरं वाटतं, विसरल्या असतील तर त्यांना मान खाली न घालता 'अगं बाई, विसरलेच' म्हणता येतं. फोन उचलला नाही तर पुन्हा करायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज:

'सुनंदाकाकू, काल भेट झाली नाही. सगळं ठीक ना? शुक्रवारी सहा किंवा शनिवारी सकाळी अकरा, दोन्ही वेळा मोकळ्या आहेत. कुठली ठेवू? – मीनल'

'काल तुम्ही आला नाहीत' असं लिहू नका. 'आम्ही वाट पाहिली' हेही नको, त्यात रुसवा आहे. यालाही उत्तर आलं नाही तर रिसेप्शनिस्टचं काम संपलं. रूट कॅनल अर्धं राहिलेलं असेल, तर आठवड्याभरानं तुम्ही स्वतः एक मेसेज टाका, या वेळी डॉक्टरच्या नावानं, आणि हा एकच मेसेज असा, ज्यात दाताबद्दल लिहायला हवं:

'सुनंदाकाकू, तुमच्या दातात वर जे भरलंय ते तात्पुरतं आहे. सोयीनं कधीही या, पण फार लांबवू नका. दुसऱ्या डॉक्टरांकडे करून घ्यायचं असेल तरी चालेल, एक्स-रे माझ्याकडे आहे, घेऊन जा.'

शेवटचं वाक्य लिहिताना हात अडखळतो, मला माहीत आहे. पण ते वाचून माझ्याकडे एक्स-रे मागायला फार थोडे आलेत, आणि उरलेलं काम करून घ्यायला त्याहून बरेच जास्त. शिवाय पेशंटला धोका सांगितल्याची लेखी नोंदही राहते. त्यानंतर थांबा.

वारंवार चुकवणारे चारपाच पेशंट प्रत्येकाकडे असतात. त्यांना सुधारायला जाऊ नका. त्यांना संध्याकाळची मधली वेळ देणं बंद करा, सत्रातली सगळ्यात पहिली द्या. ते आले नाहीत तर तुम्ही तोवर ट्रे लावता, मागची कागदपत्रं उरकता, आणि मागच्या कुणाचंच वेळापत्रक हलत नाही. एकाच वेळेवर दोघांना बोलावून ठेवायची युक्ती काही जण सुचवतील. एका खुर्चीवर ती करू नका, ज्या दिवशी दोघंही येतात त्या दिवशी दोघंही दुखावतात.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. तुम्ही साडेपाचची वेळ देता आणि पेशंटला आत किती वाजता घेता? खरं सांगा. माझ्याकडे एके काळी साडेपाचचा पेशंट सव्वासहाला आत जायचा. मग तो पुढच्या वेळी सहाला यायला लागला, त्याच्या पुढच्या वेळी 'तसंही बसवूनच ठेवतात' म्हणून आलाच नाही. आपण वेळ पाळत नाही हे त्याला दोनदा दिसलं, की आपला कितीही गोड मेसेज त्याच्यासाठी पोकळ ठरतो. मी दोन गोष्टी केल्या. पहिली, सत्राच्या मध्यावर एक वीस मिनिटांची वेळ कुणालाच देत नाही, दुखणं घेऊन अचानक आलेला पेशंट तिथे मावतो. दुसरी, उशीर होतोय असं दिसलं की मीनल पुढच्या दोघांना लगेच कळवते, 'दादा, डॉक्टरांना आज अर्धा तास उशीर होतोय. तुम्ही सहाला निघालात तरी चालेल.' या मेसेजला जितके 'थँक यू' येतात तितके दिवाळीच्या शुभेच्छांनाही येत नाहीत. ज्याला आपण आपला उशीर कळवला, तो त्याची अडचण आपल्याला कळवायला लागतो.

फरक पडतोय की नाही हे कळायला रजिस्टरमध्ये फक्त तीन खुणा ठेवा: आले, कळवून आले नाहीत, न कळवता आले नाहीत. आणि हिशेब असा बघा. समजा तुमच्याकडे आठवड्याला ४८ वेळा आहेत. आज त्यातल्या १० जणांनी न कळवता चुकवलं, दोघांनी कळवलं, त्यातली एक जागा भरली. म्हणजे खुर्ची ११ वेळा रिकामी. महिन्याभरानं समजा चौघं न कळवता चुकवतायत आणि आठ जण 'नाही' कळवतायत, त्यातल्या सहा जागा यादीतून भरल्या. 'नाही' म्हणणारे आणि न येणारे मिळून दोन्ही वेळा बाराच आहेत, पण रिकामी खुर्ची ११ वरून ६ वर आली. पहिल्या आठवड्यात भराभर 'नाही' यायला लागतात तेव्हा डॉक्टर घाबरतात आणि जुना मेसेज परत आणतात. घाबरू नका, ते 'नाही' आधीही होतेच, फक्त आता ऐकू येतायत.

चार आठवड्यांनी तिसऱ्या खुणा कुठे दाटल्यात ते वेळेनुसार बघा, माणसानुसार नाही. माझ्या रजिस्टरमध्ये त्या शनिवारी रात्री साडेसातला एकावर एक पडलेल्या निघाल्या. आठवडाभर राबलेला माणूस शनिवारी रात्री दात दाखवायला कशाला येईल? ती वेळ मी देणंच बंद केलं आणि शनिवारी सातला क्लिनिक बंद करून घरी जायला लागलो.